गूळ-नाचणीच्या कंपनीचं नाव: वाईट वर्षातही खरं ठरेल असं

प्रश्न: "भुदरगड तालुक्यातल्या नऊ गावांतले आम्ही ३४० शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढतोय. गूळ तीन गुऱ्हाळांवर होतो, नाचणी आणि वरी वरच्या वाड्यांतून येते. पुण्या-मुंबईत थेट विकायचं आहे. मीटिंगमध्ये 'कोल्हापूर नॅचरल', 'सोनेरी', 'सेंद्रिय अन्नदाता' आणि 'वेदगंगा' अशी नावं आलीत, भांडणं चालू आहेत. माल खरंच आमच्या शेतातला आहे हे शहरातल्या माणसाला पटेल असं नाव कोणतं?"

तुमच्या मीटिंगमध्ये भांडणं होतायत, कारण एकाच नावाकडून तुम्ही तीन कामं मागताय. माझा धंदा उत्पादक कंपन्यांची पॅकिंग आणि विक्री बसवून देण्याचा आहे. हे भांडण मी बऱ्याच वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ही तीन कामं सुटी केली की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

पहिलं नाव कंपनीचं. ते सरकारदरबारी नोंदवायचं, त्याच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' लावावंच लागतं, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरात येतं. दुसरं नाव मालाचं, म्हणजे ब्रँड. तो पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतो, गिऱ्हाईक तोच लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच मागतं. तिसरी असते ठिकाणाची ओळ. ती ब्रँडच्या खाली असते आणि माल कुठला ते साध्या शब्दांत सांगते. विश्वास या तिन्हींचा मेळ बसला की बसतो. एकटं नाव कितीही गोड असलं तरी ते काम त्याच्याकडून होत नाही.

हे मला पुण्यातल्या एका प्रदर्शनात कळलं. आमच्या स्टॉलवर गुळाचं एक किलोचं पाकीट होतं, पुढे बैलगाडीचं चित्र, नावात 'गाव' हा शब्द. साधारण साठीच्या एक बाई आल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, पुढची बाजू जेमतेम पाहिली आणि लगेच उलटं केलं. चष्मा कपाळावर सरकवून पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "हा तर मार्केट यार्डातला गाळा आहे. गुऱ्हाळ कुठंय?" गुऱ्हाळ खरोखर होतं, चांगलं होतं. पण माल पुण्यात आणून भरला होता, म्हणून लेबलवर भरणाऱ्याचा पत्ता आला होता. मी समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पाकीट परत ठेवलं. नंतर मी मुद्दाम पाहत राहिलो. जो गूळ घ्यायला थांबतो तो पाकीट उलटं करतोच.

म्हणून कंपनीच्या नावापासून सुरुवात करा आणि ते साधं ठेवा. त्यात तालुक्याचं किंवा तुमच्या भागाचं नाव असू द्या. नोंदणीचा पत्ता खऱ्या गावाचा द्या, आणि अन्न परवान्यावर जिथे माल खरंच भरला जातो तिथलाच पत्ता घाला. हल्ली लोक पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून बघतात. तिथे कंपनीचं नाव आणि पत्ता दिसतो. तो पाकिटाशी जुळला की तुम्ही न बोलता तुमचं काम झालं. पॅकिंग काही काळ शहरातच करावं लागणार असेल तर लपवू नका. 'गूळ अमुक गावच्या गुऱ्हाळावर तयार, पॅकिंग पुण्यात' असं सरळ लिहा. त्या बाईंना हे छापलेलं दिसलं असतं तर बहुधा त्यांनी घेतला असता.

नाव मिळवण्याची रीत थोडक्यात. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर स्पाइस प्लस अर्जाचा पहिला भाग नावासाठीच असतो. एका वेळी दोन नावं सुचवता येतात आणि मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवलं जातं, तेवढ्यात बाकीचे कागद भरायचे. नाव नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या एखाद्या कंपनीशी साम्य. एकवचनाचं अनेकवचन केलं, दोन शब्द जोडून लिहिले, स्पेलिंग बदललं, तर त्याला नियम वेगळेपणा मानत नाही. दुसऱ्याच्या नावापुढे आपल्या गावाचं नाव चिकटवूनही ते वेगळं होत नाही. त्यामुळे 'अन्नदाता' कुणी आधी घेतलं असेल तर 'भुदरगड अन्नदाता' म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका.

आता ब्रँड. तुमच्या चार नावांवर माझं मत एकेक करून सांगतो.

'कोल्हापूर नॅचरल'मधला कोल्हापूर हा शब्द कुणालाही मोहात पाडेल. मुंबईतल्या माणसाला गूळ म्हटला की कोल्हापूरच आठवतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचे दोन परिणाम तुमच्यावर होतात. एक, १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणे असं नाव कुणाच्याही एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. म्हणजे 'कोल्हापुरी गूळ' या शब्दांवर पैसे खर्च करून तुम्ही ब्रँड उभा केला तरी शेजारचा व्यापारी उद्या तेच शब्द मोठ्या अक्षरात छापेल. दोन, ते मानांकन वापरण्याचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्याला मिळतो. तुमचा तालुका त्याच जिल्ह्यातला आहे, तेव्हा रीतसर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि मग 'कोल्हापुरी गूळ' हे शब्द ब्रँडच्या खाली, मालाचं वर्णन म्हणून वापरा. तिथे ते शोभतात.

पण त्याहून मोठी अडचण बाजारातली आहे. कोल्हापूरच्या नावाने कुठकुठचा गूळ विकला जातो हे आता शहरातल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक झालंय. सीमेपलीकडचा गूळ इथे येऊन कोल्हापुरी म्हणून पुढे जातो ही तक्रार बाजार समितीत आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं चाललीय. म्हणजे 'कोल्हापूर' ऐकून लोक थांबतील, पण 'खरा कशावरून?' हा प्रश्नही तोच शब्द उभा करेल. आणि एक बारीक गोष्ट: तुमचं अर्धं दुकान नाचणी-वरीचं आहे. त्या मानांकनाचा नाचणीशी काही संबंध नाही.

त्याच नावातला 'नॅचरल' आणि तिसऱ्या नावातला 'सेंद्रिय' हे दोन्ही शब्द मी ब्रँडमध्ये येऊ देत नाही. इथे माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या ब्रँडमध्ये आम्ही 'शुद्ध' हा शब्द घातला. डबे छापून आले, चार हजार. मग एका दुकानसाखळीच्या खरेदी विभागाने लेबल तपासून परत पाठवलं. अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत नैसर्गिक, शुद्ध, ताजं, अस्सल, पारंपरिक अशा विशेषणांवर अटी आहेत. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्याने दिशाभूल होण्यासारखी असेल, तर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरात छापावं लागतं की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचा खरा गुण यातून कळत नाही. आता विचार करा, पुढे 'शुद्ध' आणि मागे 'हे फक्त नाव आहे' अशा पाकिटावर कुणाचा विश्वास बसेल? आम्ही चार हजार डब्यांवर बसून चिकटपट्ट्या लावल्या. पुढच्या छपाईला नावच बदललं.

'सेंद्रिय'चं गणित आणखी कडक आहे. तो शब्द छापायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं किंवा पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचं प्रमाणपत्र लागतं. ३४० सभासदांपैकी किती जण उसाला खत टाकत नाहीत? तुमच्याकडे ४० जण असतील तर त्या ४० जणांचा ऊस वेगळ्या आधणात, म्हणजे रस उकळण्याच्या वेगळ्या खेपेत घ्या, त्यांचं प्रमाणपत्र काढा आणि तेवढ्याच पाकिटांवर सेंद्रियचं चिन्ह लावा. पण तो शब्द ब्रँडमध्ये गेला की उरलेल्या ३०० जणांचा माल त्या नावाखाली विकताच येणार नाही, किंवा विकला तर खोटं होईल.

'सोनेरी'बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण हे नाव वरून अगदी निरुपद्रवी वाटतं. गुळाचा रंग तुमच्या हातात नसतो. तो उसाच्या जातीवर, जमिनीवर, पाण्यावर, रस किती वेळ पडून राहिला यावर, आणि गुळव्याने मळी किती नीट काढली यावर ठरतो. चोपण जमिनीतल्या उसाचा गूळ काळपट निघतो, नदीकाठच्या निचऱ्याच्या जमिनीतला उजळ. भेंडीचा चिकट रस घालून मळी काढली तरी प्रत्येक आधणाला रंग सारखा येत नाही. तुम्ही पाकिटावर 'सोनेरी' लिहिलंत की जानेवारीत एखाद्या दिवशी तपकिरी गूळ निघेल आणि पाठवणाऱ्या पोराचा गुळव्याला फोन जाईल, "रंग बघा की जरा." गुळव्याकडे रंग आणायचा सोपा उपाय एकच असतो. तो म्हणजे हायड्रोज या रंग उजळवणाऱ्या गंधकाच्या रसायनाची पुडी. सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण गुळात ७० पीपीएमच्या आत असायला हवं हा नियम त्या घाईत कुणाला आठवत नाही. तुमचं नाव तुमच्याच गुऱ्हाळात भेसळीला आमंत्रण देईल. रंग, चव, मऊपणा असं जे आधणागणिक बदलतं, त्यातलं काहीच नावात घेऊ नका.

मग उरलं 'वेदगंगा', आणि चौघांत तेच बरोबर दिशेला जाणारं आहे. ते ठिकाण सांगतं. फक्त ठिकाण केवढं घ्यायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि मी जिथे जिथे काम केलं तिथे सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवला.

ठिकाणाचं नाव हे कुंपण असतं. नाव लावलं म्हणजे कुंपणाच्या आतलाच माल द्यायचा करार झाला. कुंपण लहान घातलं तर गिऱ्हाइकाला पटतं, पण तुम्हाला पुरत नाही. मोठं घातलं तर तुम्हाला पुरतं, पण त्याला काही अर्थ राहत नाही. 'सह्याद्री' हे नाव घेतलं तर त्यात नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत काहीही बसतं, म्हणून ते ऐकून कुणाला काही कळत नाही. उलट एका गावाचं नाव घेतलं तर उरलेल्या आठ गावांचे सभासद पहिल्याच वार्षिक सभेत उभे राहतील. आणि त्या गावचं गुऱ्हाळ एखाद्या हंगामात पेटलंच नाही, कारण कारखान्याने उसाला जास्त दर दिला आणि सभासदांनी ऊस तिकडे घातला, तर नाव खोटं पडेल. हे होतं. दर दोन-तीन वर्षांनी होतं.

म्हणून मी एक कसोटी वापरतो, तिला आम्ही वाईट वर्षाची कसोटी म्हणतो. तुमच्यासाठी ती आकड्यांत मांडून दाखवतो. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा पुण्या-मुंबईची मागणी वर्षाला २० टन गूळ आणि ८ टन नाचणी अशी धरली. चांगल्या वर्षी तीन गुऱ्हाळांतून २६ टन निघतो, नाचणी ११ टन येते. वाईट वर्षी एक गुऱ्हाळ बंद, म्हणून गूळ १५ टन. नाचणी कापणीच्या वेळी पाऊस लागला, म्हणून ५ टन. आता कागदावर तीन वर्तुळं काढा. आतलं एका गावाचं, मधलं तुमच्या नऊ गावांचं, बाहेरचं नदीच्या अख्ख्या खोऱ्याचं. प्रत्येक वर्तुळातून वाईट वर्षी किती माल मिळेल ते लिहा. एका गावातून ६ टन गूळ निघेल आणि नाचणी जवळपास शून्य, कारण ती वरच्या वाड्यांत होते. नऊ गावांतून १५ आणि ५. खोऱ्यातली सभासद नसलेली गुऱ्हाळं धरली तर गुळाचे २० टन पुरे होतील, आणि नाचणीही बहुतेक मिळेल.

नाव कोणत्या वर्तुळाचं घ्यायचं? माझं उत्तर: ज्या वर्तुळातून वाईट वर्षी निदान नेहमीच्या गिऱ्हाइकाचा माल निघतो, त्यातलं सगळ्यात लहान. तुमच्या बाबतीत ते वेदगंगेचं खोरं निघेल असं मला वाटतं, आणि त्याचा एक मोठा फायदा तुमच्या लक्षात आलेला नसेल. एकाच खोऱ्यात खाली नदीकाठाला ऊस आणि वर उताराला नाचणी-वरी. गूळ आणि नाचणी एकाच पिशवीत का, हा शहरातल्या माणसाचा न विचारलेला प्रश्न त्या एका शब्दाने सुटतो. तालुक्याच्या नकाशात रेष दिसते, खोऱ्यात पीक दिसतं.

तरीही नुसतं 'वेदगंगा' मी ब्रँड म्हणून घेणार नाही. आपल्या जिल्ह्यात नदीचं नाव म्हटलं की साखर कारखाना आठवतो. भोगावती, कुंभी-कासारी, दूधगंगा-वेदगंगा, सगळी नावं आधीच सहकाराने घेतलीत. तुमच्या आजोबाला 'वेदगंगा' म्हटलं की बिदरीचा कारखाना दिसणार. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जे नाव फक्त ठिकाण किंवा मालाचा प्रकार सांगतं त्याला नोंदणी मिळायला अडचण येते. तेव्हा खोरं ठिकाणाच्या ओळीत जाऊ द्या आणि ब्रँडसाठी तुमच्या तोंडातला एखादा शब्द शोधा.

हा शब्द कसा शोधायचा? गुळव्याजवळ अर्धा दिवस बसा आणि तो काय काय म्हणतो ते वहीत लिहा. मग नाचणी लावणाऱ्या बायकांबरोबर बसा आणि तेच करा. दोन्ही याद्यांत येणारा शब्द सोन्यासारखा. एकदा मला असा शब्द सापडला होता: वाफा. काहिलीतला पाक तयार झाला की तो ज्यात ओतून थंड करतात तो वाफा. आणि शेतात रोपं तयार करायला जी जागा करतात तोही वाफाच. एकाच शब्दात गूळही आणि नाचणीचं रोपही. हे नाव तुमच्यासाठी मोकळं आहे की नाही ते शोधून बघावं लागेल, मी नमुना म्हणून सांगतोय. पण असा शब्द बाहेरच्या जाहिरातवाल्याला सुचत नाही. गिऱ्हाइकाने 'याचा अर्थ काय?' विचारलं की तुमचा माणूस स्टॉलवर उभा राहून गुऱ्हाळच सांगायला लागतो.

दुसऱ्या भागाचा शब्द मात्र उसना आणू नका. उत्तरेकडच्या आदिवासी भागातली कणसरी देवता हल्ली नाचणीच्या पाकिटांवर दिसते. तिकडच्या लोकांनी लावली तर ते त्यांचं. भुदरगडच्या नाचणीवर ती आली तर जाणकार माणूस लगेच ओळखेल की नाव इंटरनेटवरून आलंय. तसंच 'नागली' हा शब्द नाशिककडचा, तुमच्याकडे 'नाचणा' म्हणतात. मालाच्या वर्णनात शहराला कळणारा 'नाचणी' लिहा आणि शेजारी बारीक 'नाचणा' लिहिलात तर बिघडत नाही. उलट कोल्हापूरहून पुण्याला गेलेल्या माणसाला तो शब्द घरचा वाटतो.

ब्रँड ठरवण्याआधी तो इंग्रजी अक्षरांत लिहून बघा, कारण ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येणार आहेत. Gul लिहिलं की हिंदी माणूस 'गुल' वाचतो, म्हणजे फूल. Vafa वाचून त्याला 'वफा' आठवेल. वाईट अर्थ नाही, पण शोधायला गेला तर आधी गाणी निघतील. मुंबईतल्या ओळखीच्या एकाला फोनवर नाव सांगा आणि त्याने काय टाइप केलं त्याचा फोटो मागवा. तिघांपैकी दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर नाव बदला, किंवा त्या सगळ्या स्पेलिंगांनी तुम्ही सापडाल अशी व्यवस्था करा.

नाव पक्कं झालं की ट्रेडमार्कचा अर्ज. आधी ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. गूळ, पीठ, रवा यांचा वर्ग ३०, प्रक्रिया न केलेल्या धान्याचा ३१. म्हणून दोन्ही वर्गांत शोधा, आणि उच्चार सारखा असलेली नावंही बघा. उद्यम नोंदणी असेल तर ऑनलाइन अर्जाला दर वर्गाला ४,५०० रुपये लागतात, नसेल तर ९,०००. म्हणजे उद्यम आधी काढा.

हा अर्ज कंपनीच्या नावाने करा. माझ्या माहितीतल्या एका कंपनीत घाईघाईत अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने अर्ज झाला, कारण कंपनीची नोंदणी व्हायची होती. तीन वर्षांनी अध्यक्षांचं आणि मंडळाचं बिनसलं. अध्यक्ष बाहेर पडले आणि ब्रँड त्यांच्याबरोबर गेला. गिऱ्हाइकं नावाला ओळखत होती, शेतकऱ्यांना नाही. तुमची नोंदणी अजून व्हायची आहे, तर महिनाभर थांबा पण अर्ज कंपनीचाच करा. बोधचिन्ह काढून देणाऱ्याकडूनही त्याचे हक्क कंपनीला लिहून घ्या.

आता नावाला पाठबळ देणारी गोष्ट, जिच्याशिवाय वरचं सगळं वाया जाईल: आधणाची वही. तुमच्या काहिलीत दोन टन उसाचं आधण बसत असेल तर त्यातून साधारण २०० ते २२० किलो गूळ निघतो. म्हणजे एका आधणाची एक किलोची दोनशेच्या आसपास पाकिटं. हा आकडा छोटा आहे आणि तेच तुमचं बळ आहे. मोठ्या कंपनीला हे जमत नाही. दर आधणाला वहीत एक ओळ: तारीख, गुऱ्हाळ, ऊस कुणाचा, कुठल्या शिवारातला, जात कोणती, गुळव्या कोण, किती किलो निघाला. पाकिटावर बॅच क्रमांक 'गु२-०३७', म्हणजे दुसरं गुऱ्हाळ, हंगामातलं ३७ वं आधण. नाचणीला वाडीचा क्रमांक आणि हंगाम. बॅच क्रमांक कायद्याने छापावाच लागतो, मग तो अर्थाचा का नसावा?

क्यूआर कोड हवाच असं नाही. मी पाहिलेले निम्मे क्यूआर वर्षभरात मेले, कारण संकेतस्थळाचे पैसे कुणी भरले नाहीत. मेलेला कोड कोड नसण्यापेक्षा वाईट. त्यापेक्षा पाकिटावर गावातला फोन नंबर द्या आणि वही त्या फोनशेजारी ठेवा. महिन्यातून एकदा बाहेरच्या कुणाकडून तरी फोन करवून घ्या: "गु२-०३७ कुणाच्या शेतातला?" पाच मिनिटांत उत्तर आलं तर तुमचं नाव खरं आहे. "विचारून सांगतो" असं आलं तर वहीत ओळी राहिल्यात, आणि कुणीतरी आधणं एकत्र भरतंय. ते लगेच जाऊन बघा.

पाकीट मग साधारण असं दिसेल. पुढे मोठ्या अक्षरात तुमचा शब्द. त्याखाली 'वेदगंगा खोरे, ता. भुदरगड'. त्याखाली 'कोल्हापुरी गूळ' (अधिकृत वापरकर्ता झाल्यावरच) किंवा 'नाचणी'. मागे कंपनीचं पूर्ण नाव, गावाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि फोन. बैलगाडी नको. तिच्या जागेत गुळव्याचं नाव छापा, त्याला विचारून.

एक गोष्ट मला इथून ठरवता येत नाही. तुमच्या नऊ गावांपैकी काही चिकोत्रेच्या बाजूची असतील तर ती माणसं स्वतःला वेदगंगा खोऱ्यातली म्हणवतात का? पाणी शेवटी वेदगंगेलाच मिळत असलं तरी माणसं तसं म्हणतीलच असं नाही. त्यांना ते नाव आपलं वाटलं नाही तर ठिकाणाच्या ओळीत नुसता तालुका घ्या आणि वाईट वर्षाचे आकडे त्या वर्तुळासाठी पुन्हा मांडा.

आणि मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव लिहून घ्या: कुंपणाबाहेरून घेतलेल्या मालावर हा ब्रँड लागणार नाही. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर असेल, गूळ दोन टन कमी असेल आणि शेजारच्या तालुक्यातला तितकाच चांगला गूळ स्वस्तात मिळत असेल, तेव्हा हा ठराव लागतो. तो गूळ घ्यायचा तर घ्या, पण ढेपाच विका, बिननावाच्या, किंवा खरा गाव लिहून. आम्ही एकदा दोनशे गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं होतं की यंदाचा गूळ संपला, जानेवारीत येईल. अकरा जणांनी आगाऊ घेतलेले पैसे परत मागितले. बाकीचे थांबले.